चिकटली म्हणजे चालली?

स्मार्टवॉचची केबल हरवली आणि मोबाइलच्या दुकानात गेलात, की एक ठरलेला प्रयोग बघायला मिळतो. दुकानदार काउंटरखालचा खोका वर काढतो, त्यातल्या गुंत्यातून एक केबल ओढतो आणि तिचं चुंबकी टोक घड्याळाच्या पाठीजवळ नेतो. टक्! “बघा साहेब, चिकटली. म्हणजे चालणार.” गिऱ्हाईक मान डोलावतं, पैसे देतं, घरी जातं. घरी तोच प्रयोग पुन्हा होतो आणि या वेळी घरातला कोणीतरी जाणकार भाष्य करतो, “अहो, सगळ्यांच्या आत तेच असतं. दोन पिना आणि पाच व्होल्ट. कंपन्या उगाच वेगळेपणाचा आव आणतात.”

हे मत इतकं पसरलं आहे की त्याच्या विरोधात बोलणारा माणूस कंपन्यांचा हस्तक ठरतो. म्हणून आधी ते मत त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो, म्हणजे मी सोपा प्रतिस्पर्धी निवडला असं कोणी म्हणायला नको. मत असं आहे: या केबलींच्या एका टोकाला यूएसबी असतं आणि यूएसबीतून पाच व्होल्टच येतात. दुसऱ्या टोकाला स्प्रिंगवरच्या दोन पिना असतात, एक प्लस आणि एक मायनस. चुंबक दोन्हीकडे आहेच, त्यामुळे चुकीची केबल मुळात चिकटणारच नाही, आणि चिकटली तर ती बरोबरच असली पाहिजे. ‘आमच्या घड्याळाला आमचीच केबल’ ही सूचना म्हणजे निव्वळ धंदा.

ऐकायला किती सुसंगत! यातलं पहिलं वाक्य खरं आहे. तिथून पुढे प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा जास्त चुकीचं होत जातं.

चुंबकापासूनच सुरुवात करू, कारण सगळी श्रद्धा त्याच्यावर आहे. या टोकांमध्ये बहुधा पिनांच्या दोन बाजूंना दोन चुंबक बसवलेले असतात, एकाचा उत्तर ध्रुव बाहेर आणि दुसऱ्याचा दक्षिण. घड्याळाच्या पाठीत त्यांच्या समोर नेमके विरुद्ध ध्रुव असतात. त्यामुळे टोक एका दिशेनं खेचलं जातं आणि फिरवून लावलं तर ढकललं जातं. ही युक्ती चांगली आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. चुंबक टोकाची दिशा ठरवतो. त्या दिशेला डावीकडची पिन प्लस असेल की उजवीकडची, हे ठरवतो केबल बनवणारा. चुंबकाला विजेतलं काहीही कळत नाही. तुमच्या घड्याळाच्या कारखान्यानं प्लस डावीकडे ठेवला असेल आणि खोक्यातल्या केबलच्या कारखान्यानं उजवीकडे, तर चुंबक तितक्याच प्रेमानं चिकटेल आणि तितक्याच ठामपणे ती चुकीची दिशा धरून ठेवेल. फ्रिजवरचं चुंबक लोखंडी कपाटालाही चिकटतं. म्हणून कपाटात दूध थंड होतं का?

कोणती पिन कुठे असावी याचा दोन पिनांच्या केबलींसाठी सगळ्या कंपन्यांना बांधणारा कोणताही नियम नाही. यूएसबीच्या बाजूला प्रत्येक पिनेची जागा कागदावर ठरलेली आहे, म्हणून ते टोक जगात कुठेही चालतं. घड्याळाच्या बाजूला असा कागदच नाही. त्या बाजूला प्रत्येक कारखाना स्वतःचं राज्य चालवतो.

आता पिनांकडे बघू. पोगो पिन म्हणजे एक बारीक पितळी नळी, आत इवलीशी स्प्रिंग आणि तिच्यावर उभी असलेली सोन्याचा मुलामा दिलेली दांडी. दाबलं की दांडी किंचित आत जाते आणि स्प्रिंग तिला घड्याळाच्या पाठीवरच्या चकतीवर टेकवून ठेवते. हे जोपर्यंत दांडी चकतीच्या मधोमध टेकते तोपर्यंत उत्तम चालतं. पण दोन पिनांच्या केंद्रांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. बाजारात नेहमी दिसणारी अंतरं २.८४, ४ आणि ७.६२ मिलीमीटर अशी आहेत. पट्टी घेऊन बसलात तर ७.६२ वाली लगेच ओळखू येईल. २.८४ आणि ४ मधला फरक मात्र डोळ्याला फसवतो.

आणि खरी मजा तिथेच आहे. ४ मिलीमीटरच्या घड्याळावर २.८४ ची केबल मधोमध बसली, तर प्रत्येक पिन आपल्या चकतीच्या केंद्रापासून ०.५८ मिलीमीटर सरकलेली असते. चकती जरा मोठी असेल तर पिन तिच्या कडेवर टेकते. म्हणजे ‘चालते’. स्क्रीनवर बॅटरीचं चित्र येतं, दुकानदार जिंकतो. रात्री उशाशी ठेवलेलं घड्याळ दर थोड्या वेळानं थरथरतं आणि ‘चार्जिंग सुरू’ असं सांगतं. सकाळी बघावं तर बॅटरी अर्धवट. तुम्ही म्हणता घड्याळाची बॅटरी गेली. गेलेली नसते. कडेवर टेकलेल्या पिनेचा रोध वाढलेला असतो, प्रवाह वाहू लागला की तिथे व्होल्टेज पडतं, घड्याळातला चार्जिंगचा चिप ‘पुरवठा कमी आहे’ असं समजून थांबतो. प्रवाह थांबला की व्होल्टेज पुन्हा वर येतं, चिप पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच. तुमचं घड्याळ थरथरून थरथरून तक्रार करत असतं आणि तुम्ही त्याला म्हातारं ठरवता.

पण हा झाला किरकोळ त्रास. प्लस-मायनसची अदलाबदल हा खरा गुन्हा आहे, आणि त्यावर जरा थांबायला हवं.

माझ्या टेबलावर आलेलं एक प्रकरण सांगतो. घड्याळ एका ताईंचं. मूळ केबल प्रवासात राहिली, म्हणून त्यांनी ‘सर्व स्मार्टवॉचसाठी’ असं पाकिटावर छापलेली दोन पिनांची केबल घेतली. चिकटली. चार्जिंगचं चिन्ह आलं नाही, म्हणून त्यांनी ती लॅपटॉपमधून काढून भिंतीवरच्या मोबाइलच्या ॲडॉप्टरला लावली आणि रात्रभर ठेवली. सकाळी घड्याळ मेलेलं, पाठ कोमट. दुकानदाराचं म्हणणं, “घड्याळच खराब असणार, केबल तर चिकटतेय ना?” (वाक्य बघा. गुन्हेगार तोच, साक्षीदारही तोच.)

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला आणि नव्या केबलच्या पिनांना लावला. आकडा पाचच्या आसपास. म्हणजे केबल ‘चांगली’. ताईंच्या भावाकडे त्याच मॉडेलचं घड्याळ होतं, त्याची मूळ केबल मागवली. दोन्ही टोकं शेजारी ठेवली, दोन्हींची चुंबकं एकाच दिशेला येतील अशी. मीटरची लाल तार दोन्हीकडे डाव्या पिनेला, काळी उजव्या पिनेला. मूळ केबलवर +५. नव्या केबलवर –५. तेवढंच. पिनांमधलं अंतर सारखं, चुंबक सारखे, टोकाचा आकार जवळजवळ सारखा, आणि वीज बरोबर उलटी.

आता घड्याळाच्या आत काय झालं ते बघा. बोटाच्या स्पर्शातून येणारी स्थिर वीज चिपला मारू नये म्हणून चार्जिंगच्या चकत्यांच्या मागे बहुतेक वेळा एक संरक्षक डायोड प्लस आणि मायनसच्या मधोमध जोडलेला असतो. वीज सरळ आली की तो गप्प बसतो. वीज उलटी आली की तोच डायोड सरळ वाहू लागतो आणि जवळजवळ शॉर्टसर्किट करतो. लॅपटॉपचा पोर्ट असला प्रकार झाला की बहुधा पुरवठा तोडतो. ताईंच्या घरी पहिल्यांदा तसंच झालं असावं. दोन अँपियरचा ॲडॉप्टर मात्र त्यात प्रवाह ओतू शकतो. डायोडवर साधारण एक व्होल्ट आणि दोन अँपियर म्हणजे दोन वॅट उष्णता, तीही साखरेच्या दाण्याएवढ्या भागात. तो भाग काही वेळानं जळून कायमचा शॉर्ट होतो. मीटरच्या डायोड मोडवर भावाच्या घड्याळाच्या चकत्या तपासल्या तर एका बाजूनं अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आणि उलट्या बाजूनं उघडा मार्ग. ताईंच्या घड्याळावर दोन्ही बाजूंनी जवळजवळ शून्य, आणि मीटर टूं करून ओरडत राहिला. डायोडनं प्राण देऊन चिप वाचवला होता.

मग तो बदलता येत नाही का? येतो. भाग क्षुल्लक आहे. पण घड्याळ उघडायला पाठ गरम करून चिकटवलेला थर सोडवावा लागतो, आणि तो थर एकदा सुटला की पाणी अडवण्याची कारखान्यातली हमी संपते. ताईंचं घड्याळ पुन्हा सुरू झालं, पण हात धुताना ते काढून ठेवायचं, पोहायला तर न्यायचंच नाही, असं सांगून परत दिलं. ‘चिकटली’ या एका शब्दाची ही किंमत.

इथे जाणकार उसळून उठतो, “मग माझ्या घड्याळाला दुसरीच केबल दोन वर्षं चालतेय, तिचं काय?” तिचं असं आहे की तुमचं नशीब चांगलं होतं, किंवा तुमच्या घड्याळाचा आरेखनकार शहाणा होता. काही घड्याळांत उलट्या विजेसाठी वेगळं संरक्षण असतं. एक लहानसा मॉसफेट आत बसवलेला असतो, तो उलटी वीज आली की दार बंद करतो. अशा घड्याळाला चुकीची केबल लावली तर काहीच होत नाही, फक्त चार्जिंग होत नाही, आणि लोक केबलला शिव्या देऊन दुसरी लावतात. काही घड्याळांत हे संरक्षण नसतं. बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. ज्यांचं वाचलं ते ‘माझं तर चालतं’ म्हणत गावभर फिरतात. ज्यांचं जळलं ते घड्याळाच्या कंपनीला दोष देतात आणि नवं घेतात. मग केबलच्या विरोधात साक्ष देणार कोण? रस्ता न बघता ओलांडूनही पोचलेल्यांची मतं घेऊन वाहतुकीचे नियम ठरवायचे का?

पाच व्होल्टांचा मुद्दा राहिला. त्यात एक भीती अगदी खोटी आहे, तीही मोडून टाकू. ‘मोठ्या ॲडॉप्टरनं घड्याळ उडतं’ असं पुष्कळ लोक म्हणतात. केबल बरोबर असेल तर उडत नाही. प्रवाह किती घ्यायचा हे घड्याळातला चार्जिंग चिप ठरवतो, ॲडॉप्टर तो ढकलत नाही. फास्ट चार्जरही समोरून मागणी झाल्याशिवाय व्होल्टेज वाढवत नाही, आणि दोन पिनांच्या केबलमध्ये मागणी करायला तारच नसते. पण केबल उलटी असेल तर तोच मोठा ॲडॉप्टर घात करतो, कारण मग त्याला अडवणारा चिप मध्ये उरतच नाही. म्हणजे ज्यांना ॲडॉप्टरची भीती वाटते आणि केबलची वाटत नाही, ते साप सोडून भुई धोपटत आहेत.

चार पिनांच्या टोकांबद्दल थोडक्यात. त्यातल्या दोन पिना विजेच्या आणि दोन बहुधा डेटाच्या असतात, सॉफ्टवेअर भरण्यासाठी किंवा चार्जरची ओळख पटवण्यासाठी. त्यांचा क्रमही ठरलेला नाही. डेटाच्या तारेची सहनशक्ती साधारण ३.३ व्होल्टची, आणि तुमच्या केबलनं तिच्यावर पाच व्होल्ट ठेवले, की थेट मुख्य चिपवर घाव. दोन पिनांच्या चुकीत निदान डायोड आधी मरतो.

आता दुसऱ्या गटाकडे वळू, कारण या वादात तोही तितकाच चिडवतो. त्याचं म्हणणं, “हे सगळं ब्रँडचं षड्‌यंत्र आहे. एकच केबल करायला यांना काय धाड भरली?” यात रागाला जागा आहे, पण निदान चुकलं आहे. घड्याळाच्या पाठीचा मधला भाग नाडी मोजणाऱ्या हिरव्या दिव्यांनी व्यापलेला असतो, म्हणून चकत्यांना कडेला सरकावं लागतं. घड्याळात होकायंत्र असेल तर चुंबकाला त्याच्यापासून लांब ठेवावं लागतं, नाहीतर उत्तर दिशा भलतीकडेच दिसते. पाठ किती वक्र, डबी किती जाड, यावर टोकाचा आकार ठरतो. एवढ्या अडचणींत सगळ्यांचं टोक सारखं येणं सोपं नाही.

पण, आणि हा ‘पण’ कंपन्यांसाठी आहे, यातलं एकही कारण प्लस डावीकडे का आणि उजवीकडे का याचं उत्तर देत नाही. दिवे, होकायंत्र, वक्रता यांना ध्रुवांशी काही देणंघेणं नाही. तिथे षड्‌यंत्र नाही, तिथे बेफिकिरी आहे. स्वस्त घड्याळांची मोठी संख्या शेन्झेनसारख्या ठिकाणी तयार आरेखनातून बनते. तिथला कारखाना साचा देतो, आपल्याकडची कंपनी त्यावर नाव छापते. परिणाम असा की दोन वेगळ्या ब्रँडची घड्याळं एकाच साच्यातून आलेली असतात आणि त्यांची केबल एकमेकांना बिनधास्त चालते, तर एकाच ब्रँडची दोन मॉडेलं दोन कारखान्यांतून आलेली असतात आणि त्यांच्या केबली एकमेकींना मारक ठरतात. म्हणून ‘ब्रँडचीच घ्या’ हा सल्लाही अर्धवट आहे. ब्रँड जुळला की काम झालं असं नाही. मॉडेल जुळलं पाहिजे.

मनात आणलं तर शिस्त पाळता येते, याचे दाखले आहेत. शाओमीनं मी बँड ५ मध्ये २०२० साली चुंबकी टोक आणलं आणि ६ व ७ या बँडांनाही तेच ठेवलं. ॲमेझफिटच्या जीटीआर आणि जीटीएस मालिकांतली बरीच घड्याळं एकाच दोन पिनांच्या टोकावर चार्ज होतात. गार्मिननं २०१७च्या फेनिक्स ५ पासून चार संपर्कांचं एक टोक धरलं आणि वर्षानुवर्षं वेगवेगळ्या घड्याळांत वापरलं. (ते चुंबकी नाही, आत घुसतं, म्हणून तिथे ‘चिकटली’चा भ्रमही होत नाही.) उलट गूगलचं पहिलं पिक्सेल वॉच पिनांशिवाय चार्ज व्हायचं आणि दुसऱ्यापासून पिना आल्या, म्हणजे एकाच नावाच्या दोन पिढ्यांना एकमेकींचा चार्जर निरुपयोगी.

उलट्या ध्रुवांचा प्रश्न तर सोडवलेला आहे, आणि तोही फार पूर्वी. ॲपलनं २००६ साली मॅकबुकला चुंबकी मॅगसेफ टोक दिलं. पाच पिना, बाहेरच्या दोन मायनस, त्यांच्या आतल्या दोन प्लस आणि मधली ओळखीची. टोक कसंही फिरवून लावा, प्लसवर प्लसच येतो. समरूप मांडणी केली की दिशेचा झगडाच मिटतो. (त्याच ॲपलनं २०१२ साली टोकाचा आकार बदलला आणि जुन्या चार्जरवाल्यांना वेगळं जोडटोक घ्यायला लावलं, ती गोष्ट वेगळी.) पण घड्याळाच्या पाठीवर पाच पिनांना जागा नाही, असं कारखाना म्हणेल. ठीक आहे, मग तीन पिना ठेवा, मधे प्लस आणि दोन्ही बाजूंना मायनस. तेवढीही जागा नाही? मग निदान आत एक मॉसफेट बसवा. तो बसवत नाही आणि ‘मूळ केबलच वापरा’ अशी बारीक अक्षरांत सूचना छापता, याचा अर्थ चूक होणार हे तुम्हाला माहीत आहे.

इअरबडच्या बाबतीतही हाच ‘सब घोडे बारा टक्के’ न्याय लावला जातो. एक कळी हरवली, की दुसऱ्या कंपनीची कळी त्याच डबीत टाकून बघतात. डबीत पोगो पिनाच असतात, बाहेरच्या केबलमध्ये त्या नाहीत एवढंच. पण डबी आणि कळी त्याच दोन संपर्कांवरून बोलतातही. झाकण उघडलं, बंद केलं, आता झोप, आता फोनशी जोडून घे, हे निरोप पुष्कळदा त्याच तारेवरच्या व्होल्टेजच्या चढउतारातून जातात. परकी कळी त्या डबीत बसली आणि दिवा लागलाही, तरी तिला ‘झोप’ हा निरोप कळत नाही. ती डबीत बसूनही फोनला जोडलेली राहते, तुमचे कॉल झाकणाखाली जातात आणि तुम्ही ‘हॅलो हॅलो’ करत बसता. काही धावणाऱ्यांचे हाडावरून ऐकवणारे हेडफोन थेट चुंबकी केबलवर चार्ज होतात. शॉक्झच्या ओपनरनमध्ये घामाचा ओलावा ओळखून इशारा देण्याची सोय आहे. घाम सुकण्याआधी वीज लागली तर संपर्क गंजतात, म्हणून ती सोय. आता तिथे खोक्यातली केबल चिकटवा आणि तो इशारा कोणत्या भरवशावर येईल ते सांगा.

“मग सरकार काय करतं?” हा प्रश्न आलाच. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशानं २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, हेडफोन, इअरबड अशा वस्तूंना यूएसबी-सी बंधनकारक केलं. स्मार्टवॉच त्या यादीत नाहीत, कारण एवढ्या लहान वस्तूत ते टोक बसवणं अवघड. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं नोव्हेंबर २०२२ मध्ये बैठक घेतली, फोनसारख्या उपकरणांसाठी यूएसबी-सीवर सहमती झाली आणि अंगावर घालायच्या उपकरणांच्या चार्जिंगसाठी वेगळा उपगट नेमायचं ठरलं. छान. पण हे नीट ध्यानात घ्या की यूएसबी-सीचा कायदा केबलचं भिंतीकडचं टोक सुधारतो. घड्याळाकडच्या टोकावर प्लस कुठे असावा, हे त्यानं ठरत नाही. उद्या प्रत्येक चुंबकी केबलच्या दुसऱ्या टोकाला चकचकीत यूएसबी-सी आलं, तरी ताईंचं घड्याळ जसं जळलं तसंच जळेल.

म्हणून माझी मागणी सार्वत्रिक केबलची नाही. ती मागणी भव्य आहे आणि तिच्या नावाखाली सगळे हात झटकून मोकळे होतात. माझी मागणी तीन छापील खुणांची आहे. घड्याळाच्या पाठीवर आणि केबलच्या टोकावर पिनांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये छापा. प्लसच्या बाजूला + खूण करा. कुठल्या मॉडेलसाठी ते लिहा. घड्याळाच्या पाठीवर पाणी, दाब, मॉडेल, रेडिओ परवानग्या अशी मुंगीएवढी अक्षरं रांगेनं छापायला जागा सापडते. एका + ला सापडत नाही, हे कसं पटायचं?

आणि ‘सर्व स्मार्टवॉचसाठी’ असं छापणाऱ्या पाकिटावर तर मला विशेष राग आहे. दोन पिनांच्या केबलमध्ये प्लस एकाच बाजूला असू शकतो. सर्व घड्याळांसाठी म्हणणं म्हणजे एकाच वेळी डावीकडेही आणि उजवीकडेही प्लस आहे असं म्हणणं. विकणाऱ्याला हे कळत नसेल तर त्यानं ते विकू नये, आणि कळत असेल तर ते छापू नये.

छापील खुणा येईपर्यंत वाचकांनी एवढं करावं. मूळ केबल हातात आहे तोवर, आजच, तिच्या टोकावर प्लसच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यावा. घरात मल्टिमीटर नसेल तर कोपऱ्यावरचा वायरमन किंवा टीव्ही दुरुस्तीवाला मिनिटभरात सांगेल. नवी केबल घ्यायची वेळ आली की जुन्या टोकाशेजारी नवं टोक ठेवून, चुंबक एकाच दिशेला आहेत हे बघून, मीटरचा आकडा आणि त्याची खूण जुळवावी. काही टोकांत घड्याळाचं चुंबक जवळ आल्याशिवाय पिनांवर वीजच येत नाही. तिथे मीटरवर शून्य दिसलं म्हणून केबल मेली असं समजू नये, आणि घड्याळ लावून अंदाजही घेऊ नये. ती केबल फक्त मॉडेलचं नाव जुळल्यावरच घ्यावी. मूळ केबल हरवलीच असेल तर मॉडेलच्या नावानंच मागावी. दुकानदारानं चिकटवून दाखवली आणि मॉडेल विचारलं नाही, तर ती केबल परत खोक्यात टाकायला सांगावी आणि दुसऱ्या दुकानात जावं.